विसळणारा कमोड की ढकलणारा?

गाझियाबादच्या वसुंधरामध्ये माझी मावशी राहते. चार मजली इमारतीत तिचा फ्लॅट सगळ्यात वर आहे आणि पाण्याच्या टाक्या तिच्या डोक्यावरच्या गच्चीत. घर घेताना आधीच्या मालकाने बसवलेला कमोड पाहून ती हरखली होती. टाकी आणि भांडं एकसंध, गुळगुळीत, फ्लश केला की पाणी भोवरा करत आवाज न करता खाली जायचं. चार महिन्यांनी तिचा फोन आला. महिन्यातून दोनदा तरी कमोड तुंबत होता. प्लंबर येई, सळई घाली, "आंटीजी, ऊपर प्रेशर नहीं है, सीट तो चोक होगी ही," असं सांगून पैसे घेऊन जाई. शेवटी त्याने गच्चीवर प्रेशर पंप बसवायचा सल्ला दिला. तो घ्यावा का, हे विचारायला तिने फोन केला होता.

मी तिला थांबायला सांगितलं आणि पुढच्या रविवारी मेजपट्टी, बादली आणि घड्याळ घेऊन गेलो. वरच्या मजल्यावर, बारीक धारेच्या पाण्यावर राहणाऱ्या दिल्ली, नोएडा, गुडगावच्या कित्येक घरांत हेच चाललेलं असतं. म्हणून त्या दिवशी काय पाहिलं आणि त्यातून कमोड निवडताना काय लक्षात घ्यावं, ते सविस्तर सांगतो.

आधी दाबाचा गैरसमज दूर करू. ज्या कमोडला मागे फ्लशची टाकी आहे, त्याचा फ्लश नळाच्या दाबावर चालत नाही. बटण दाबलं की टाकीतलं पाणी स्वतःच्या वजनाने खाली येतं. नळाला जोर असो की नसो, टाकीत सहा लिटर पाणी असेल तर ते सारख्याच वेगाने भांड्यात पडणार. नळाचा दाब फक्त ती टाकी किती वेळात भरते एवढंच ठरवतो. त्यामुळे कमी दाबाच्या घरात खरा प्रश्न असा असतो की सकाळच्या घाईत दुसऱ्या माणसाने बटण दाबलं तेव्हा टाकी भरलेली होती का.

मावशीकडे आम्ही मोजलं. बाथरूमच्या फरशीपासून गच्चीतल्या टाकीच्या तळापर्यंतची उंची सुमारे चार मीटर भरली. त्यात तीन मीटरचा मजला आणि एक मीटरचा लोखंडी स्टँड. कमोडच्या टाकीत पाणी शिरतं ती जागा फरशीपासून ७० सेंटिमीटरवर. म्हणजे पाण्याला उंची मिळते फक्त ३.३ मीटर. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब म्हणजे प्लंबरच्या भाषेतला एक किलो. मावशीला मिळत होता जेमतेम एक तृतीयांश किलो. त्याच इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्यांना आणखी नऊ मीटर मिळतात, म्हणजे जवळपास सव्वा किलो. टाकी एकच, पाणी एकच, पण वर आणि खाली जवळपास चौपटीचा फरक. तळमजल्यावरच्या शेजारणीचा "आमचा तर असलाच कमोड आहे, कधी तुंबत नाही" हा अनुभव मावशीच्या उपयोगाचा नव्हता, तो यामुळे.

मग फ्लश करून घड्याळ लावलं. टाकी पूर्ण भरायला साडेपाच मिनिटं लागली. घरात माणसं चार, बाथरूम एक, आणि सात ते आठ ही सगळ्यांची वेळ. एकाने फ्लश केल्यावर दोन मिनिटांनी कुणी पुन्हा बटण दाबलं तर टाकीत सहाऐवजी दोन-अडीच लिटरच पाणी असायचं. पहिल्या फ्लशने सगळं गेलं नाही म्हणून लगेच दुसरा फ्लश करणारी माणसं तर प्रत्येक घरात असतात. तो दुसरा फ्लश नेहमीच अर्धपोटी असतो.

आता भांड्याकडे वळू. अर्ध्या पाण्यावर कोणता कमोड तग धरतो आणि कोणता हात टेकतो, हे त्याच्या रचनेवर ठरतं.

वॉशडाउन कमोडचं काम सरळ आहे. त्याच्या आतल्या भिंती उभ्या उताराच्या असतात, तळाशी पाण्याचं छोटं डबकं असतं आणि त्यामागे लगेच आखूड, रुंद वळण. हे वळण म्हणजे ट्रॅप. त्यात पाणी साठून राहतं आणि गटाराचा वास अडतो. वरून पाणी कोसळलं की ते डबक्यातल्या पाण्याला आणि मळाला वळणावरून पलीकडे ढकलतं. सहा लिटर आलं तर जोराने ढकलतं, चार लिटर आलं तर थोडं कमी, पण ढकलतंच. जितकं पाणी, तितकं काम.

विसळणारे कमोड वेगळ्या जातीचे, आणि त्यांच्यातही प्रकार आहेत. जुना प्रकार सपाट तळाचा, ज्याला वॉशआउट म्हणतात. त्यात मळ एका पसरट थाळीवर पडतो आणि पाणी त्यावरून आडवं वाहत त्याला पुढच्या वळणात लोटतं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये हा प्रकार खूप चालला आणि जर्मनीत पुढेही बराच काळ टिकला. आपल्याकडे असा बसायचा कमोड आता क्वचितच दिसतो, पण उकिडवं बसायचं लांबट भारतीय भांडं जवळपास याच तत्त्वावर चालतं. त्यात पाण्याचा बराच जोर थाळी विसळण्यातच संपतो. अशा भांड्यावर बादलीभर पाणी ओतल्याशिवाय आपलं समाधान होत नाही, त्याचं कारण हेच.

नवा विसळणारा प्रकार म्हणजे मावशीकडे होता तो, सायफनचा. बाहेरून कमोडच्या बाजूवर नागमोडी फुगवटा दिसतो ना, तीच त्याची वाट. ती लांब, वळणावळणाची आणि अरुंद असते. वॉशडाउनची वाट साधारण तीन इंच रुंद असते, तर सायफनची बहुधा दोन इंचांच्या आसपास. ती मुद्दामच अरुंद ठेवतात, कारण पाण्याने ती नळी पूर्ण भरली, आत हवा उरली नाही, तरच पलीकडे उतरणारं पाणी मागच्या पाण्याला ओढू लागतं. कॅनमधून नळीने रॉकेल काढताना जे होतं, तेच इथे होतं. शेवटी घोट घेतल्यासारखा आवाज येतो, तो हवा आत शिरून ओढ तुटल्याचा. ही ओढ मिळाली की सायफनचा कमोड वॉशडाउनपेक्षा छान स्वच्छ होतो. पाण्याचा पृष्ठभाग मोठा असल्याने भांड्याला डाग कमी लागतात आणि आवाजही कमी होतो. म्हणून महागड्या एकसंध कमोडांत तो आवडीने दिला जातो.

पण ओढ एकतर लागते, नाहीतर लागत नाही. नळी काही सेकंदांत पूर्ण भरेल एवढं पाणी एकदम यावं लागतं. टाकीत अडीच लिटर असेल तर भांड्यात पाणी गोल फिरतं, थोडं चढतं, काठावरून जरा झिरपतं आणि निवतं. मळ जागच्या जागी, किंवा त्याहून वाईट म्हणजे अरुंद वळणाच्या तोंडाशी जाऊन अडकलेला. त्यावर पुन्हा अर्धपोटी फ्लश, मग कुणीतरी थोडा कागद टाकतो, आणि वाट बंद होते. मावशीच्या घरात दर पंधरवड्याला हेच घडत होतं. दोन बटणांच्या टाकीतलं लहान, तीन लिटरचं बटण तर सायफनच्या कमोडमध्ये घट्ट मळासाठी कधीच वापरू नये, ते लघवीपुरतंच.

तेव्हा माझं मत स्पष्ट सांगतो. फ्लशची टाकी भरायला तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत असेल आणि एका बाथरूमवर तीनपेक्षा जास्त माणसं असतील, तर वॉशडाउनच घ्या. तो कमी तुंबतो, कारण त्याची वाट रुंद आणि आखूड आहे आणि अपुऱ्या पाण्यातही तो काही ना काही ढकलतो. त्याची किंमत मात्र मोजावी लागते. पाण्याचा पृष्ठभाग लहान असल्याने भिंतींना डाग लागतात, ब्रश जवळ ठेवावा लागतो, आणि पाणी कोसळल्याचा आवाज रात्री शेजारच्या खोलीत ऐकू येतो. मला ही किंमत मान्य आहे. ब्रश फिरवायला अर्धं मिनिट लागतं, प्लंबरची वाट पाहायला अर्धा दिवस.

आता दुकानातला एक गोंधळ. चावडी बाजारच्या हौज काझी भागात किंवा तुमच्या सेक्टरमधल्या सॅनिटरीच्या दुकानात गेलात की विक्रेता रिमलेस आणि टॉर्नेडो हे शब्द जोरात सांगेल. रिमलेस म्हणजे काठाखाली आत वळलेली पोकळ कड नसलेला, आणि टॉर्नेडो म्हणजे पाणी दोन-तीन तोंडांतून आडवं सुटून भांड्यात भोवऱ्यासारखं फिरणारा. हे शब्द पाणी भांड्यात कसं शिरतं ते सांगतात. ते बाहेर कसं जातं याबद्दल त्यातून काहीच कळत नाही. एक रिमलेस कमोड वॉशडाउन असू शकतो, दुसरा सायफनचाही. तुंबण्याच्या दृष्टीने बाहेरची वाट महत्त्वाची, म्हणून विक्रेत्याला थेट विचारा, "ट्रॅप वॉशडाउन आहे की सायफन?" त्याला सांगता आलं नाही तर भांडं बाजूने बघा. नागमोडी फुगवटा असेल तर सायफन समजा. पण हल्ली पुष्कळ कमोडांच्या बाजू सपाट झाकलेल्या असतात. तेव्हा आत मोबाइलचा प्रकाश टाकून वळणाचं तोंड बघा. वॉशडाउनचं तोंड मोठं, मागे किंवा तळाशी स्पष्ट दिसतं. सायफनच्या तळाशी बहुधा एक छोटं भोक असतं, ज्यातून फ्लशच्या वेळी पाण्याची धार वळणात सुटते आणि ओढ सुरू करून देते.

भोवऱ्यासारखं फिरणारं पाणी कमी पाण्याच्या घरात आणखी एका कारणाने मागे पडतं. फिरण्यात पाण्याचा थोडा जोर खर्च होतो आणि तळावर सरळ आघात कमी होतो. टाकी पूर्ण भरलेली असेल तेव्हा हे जाणवत नाही. ती अर्धी असेल तेव्हा भिंती स्वच्छ दिसतात आणि मळ तळाच्या पाण्यात तरंगत राहतो. त्यामुळे वॉशडाउन घेतानाही, पाणी सगळ्या काठावरून खाली उतरून मागच्या बाजूने जोराने पडतं असा साधा नमुना मी पसंत करतो.

भांड्याच्या उताराचं महत्त्व समजून घ्यायचं असेल तर दिल्लीतलंच एक उदाहरण पुरेसं आहे. बिंदेश्वर पाठक यांनी सुलभ शौचालयासाठी जे भांडं प्रसारात आणलं, त्याचा उतार २५ ते २८ अंशांचा तीव्र ठेवला आणि ट्रॅपमधल्या पाण्याची उंची फक्त २० मिलिमीटर. त्यामुळे हाताने ओतलेलं दीड-दोन लिटर पाणी पुरतं. नळ नाही, टाकी नाही, दाब तर नाहीच, तरी ते चालतं. घरातल्या कमोडमध्ये इतका कमी पाण्याचा ट्रॅप चालत नाही, तिथे वास अडवायला साधारण ५० मिलिमीटर पाणी उभं राहावं लागतं. पण तत्त्व तेच: उतार तीव्र आणि वाट सोपी असेल तर थोडं पाणीही काम करतं. पालम-डाबरी रस्त्यावर सुलभचं शौचालयांचं संग्रहालय आहे. दिल्लीत पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतो. जगभरातली भांडी पाहिली की त्यांचे आकार का बदलत गेले ते आपोआप कळतं.

पंपाचा प्रश्न अजून बाकी आहे. मावशीला मी पंप घेऊ दिला नाही. पंप लावला असता तर टाकी लवकर भरली असती, हे खरं. पण वीज गेली की पुन्हा साडेपाच मिनिटं, आणि दोन इंचांची वाट दोन इंचांचीच. शिवाय काही घरांत गच्चीच्या टाकीऐवजी थेट रस्त्याच्या लाइनला टुल्लू पंप लावून पाणी ओढतात. ते नियमाविरुद्ध आहे, त्याने शेजाऱ्यांचं पाणी तुटतं, आणि लाइन रिकामी असताना गळक्या जोडांतून बाहेरची घाण आत ओढली जाते. स्वतःच्या टाकीनंतर बसवलेला पंप ही वेगळी गोष्ट. शॉवर आणि जेट स्प्रेसाठी तो जरूर उपयोगी आहे.

पंप खरोखर लागतो तो फ्लश व्हॉल्व्हला. ज्या बाथरूममध्ये मागे टाकी नाही, भिंतीतल्या जाड पाइपला थेट खटका आहे, तिथे मात्र वरच्या मजल्यावर दाबाचं गणित लागू पडतं. अशा व्हॉल्व्हला काही सेकंदांत पाण्याचा मोठा लोंढा हवा असतो, आणि तीन मीटरच्या उंचीतून तो बहुतेकदा येत नाही. तळमजल्यावर तोच व्हॉल्व्ह झकास चालतो. जुन्या फ्लॅटांत वरच्या मजल्यावर अशी रचना असेल तर कमोड बदलण्याआधी व्हॉल्व्ह काढून टाकी बसवा. नवा व्हॉल्व्ह घ्यायचाच असेल तर डब्यावर किमान किती दाब लागतो ते वाचा आणि वर सांगितल्याप्रमाणे मेजपट्टीने आपली उंची मोजून ताडून पाहा. जुन्या सरकारी क्वार्टरांत साखळी ओढायच्या लोखंडी टाक्या डोक्याच्याही वर भिंतीवर असत. नळ कितीही बारीक असला तरी दीड-दोन मीटरवरून पडणारं दहा लिटर पाणी भांडं साफ करून टाकायचं. दिसायला ओबडधोबड होत्या, पण कमी दाबाच्या घरासाठी त्यांच्या इतकी योग्य रचना मी दुसरी पाहिली नाही.

मावशीकडे परत येतो. कमोड बदलायचा निर्णय घेण्याआधी आम्ही बादलीची परीक्षा केली. तुमच्याकडे कमोड तुंबत असेल तर हीच परीक्षा सर्वांत आधी करा. बादलीत सहा लिटर पाणी घ्या आणि कमरेच्या उंचीवरून भांड्याच्या मध्यावर एका दमात ओता. पाणी झपकन निघून गेलं तर ट्रॅप आणि पुढची लाइन मोकळी आहे, दोष फ्लशचा. पाणी भांड्यात चढून हळूहळू उतरलं तर वाटेत कुठेतरी अडथळा आहे. आणि चढत असतानाच बाजूच्या फरशीच्या जाळीतून बुडबुडे किंवा पाणी वर आलं, तर अडथळा कमोडमध्ये नाही, पुढच्या मुख्य लाइनमध्ये आहे. तिथे कमोड बदलून काही साधणार नाही. प्लंबरला पैसे देण्याआधी ही परीक्षा स्वतः केली तर बरेच अनावश्यक खर्च वाचतात.

मावशीकडे बादलीने पाणी झपकन गेलं. म्हणजे लाइन मोकळी होती. मग आम्ही टाकीचं झाकण उघडलं. पाणी आणणाऱ्या व्हॉल्व्हच्या तोंडाशी नखाएवढी जाळी असते. ती पांढऱ्या कणांनी जवळपास बंद झाली होती. या भागात अनेक इमारती बोअरवेलचं जड पाणी वापरतात, त्याचा हा क्षार. शिवाय कमोडखालचा अँगल कॉक कुणीतरी अर्धाच उघडून ठेवला होता. व्हॉल्व्हच्या आत प्लॅस्टिकची एक छोटी चकती होती. ती जास्त दाबाच्या घरांत पाणी अडवून आवाज कमी करायला देतात. कमी दाबाच्या घरात ती काढायची असते, पण बसवणारा बहुधा तिला हात लावत नाही. जाळी धुतली, चकती काढली, कॉक पूर्ण उघडला. साडेपाच मिनिटांची वेळ अडीच मिनिटांवर आली. हे सगळं अर्ध्या तासाचं काम होतं आणि त्याला एक पैसा लागला नाही.

एवढं झाल्यावर कमोड तुंबणं कमी झालं, पण थांबलं नाही. महिन्यातून एकदा होई. क्षाराने काठाखालची भोकं आणि तळाचं धारेचं भोकही बारीक झालं होतं, म्हणून पूर्ण टाकीवरही ओढ कधीकधी लागत नसे. लिंबूफुलाचं गरम द्रावण रात्रभर ठेवून भोकं मोकळी केली, दोन महिने बरं चाललं, मग पुन्हा तेच. जड पाण्याच्या घरात सायफनची ही दुसरी कमकुवत बाजू आहे. वॉशडाउनचीही भोकं बुजतात, पण त्याचं काम एका छोट्या भोकावर अवलंबून नसतं. क्षार काढायला बाजारातला तेजाब मात्र वापरू नका. त्याने रबरी सील आणि धातूचे जोड खराब होतात, आणि चुकून ब्लीचिंग पावडरबरोबर मिसळला तर विषारी वायू तयार होतो.

शेवटी मावशीने वॉशडाउन घेतला. इथे एक मोजमाप चुकवू नका, कारण दुकानातून आणलेला कमोड बसतच नाही असं पुष्कळांचं होतं. टाइल लावलेल्या भिंतीपासून फरशीतल्या निकासाच्या पाइपाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. सायफनच्या कमोडांना ते बहुधा १२ इंच लागतं, तर वॉशडाउनचे पुष्कळ नमुने ९ इंचांचे असतात. मावशीकडे १२ इंच होतं. विक्रेता म्हणाला, ९ इंचवाला घ्या, खाली वाकडा जोड लावून देतो. आम्ही नाही म्हटलं. तो वाकडा जोड म्हणजे रुंद वाट घेऊन तिच्याखाली पुन्हा एक अरुंद वळण ठेवणं. आणखी दोन दुकानं फिरल्यावर १२ इंचांचा वॉशडाउन मिळाला. निकास भिंतीत असेल तर पी-ट्रॅप, फरशीत असेल तर एस-ट्रॅप, हेही आधी ठरवून जा.

बसवताना मी प्लंबरला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, पुढच्या चार इंची पाइपाचा उतार तपासायचा. दर ४० सेंटिमीटरला साधारण एक सेंटिमीटर खाली, एवढा उतार पुरतो. तो सपाट असेल तर वॉशडाउन मळ भांड्यातून बाहेर काढतो, पण कमी पाण्यात तो पाइपातच थबकतो, आणि काही महिन्यांनी तिथे तुंबतं. मावशीकडे कमोडपासून उभ्या पाइपापर्यंत जेमतेम एक मीटर होतं, म्हणून हा धोका कमी होता. तुमच्याकडे हे अंतर तीन-चार मीटर असेल, मध्ये दोन काटकोनी वळणं असतील, तर तीन लिटरचं बटण घट्ट मळासाठी वॉशडाउनमध्येही वापरू नका. दुसरी गोष्ट, गच्चीत उभ्या पाइपाचं तोंड उघडं आहे का ते बघायचं. वरच्या मजल्यावर ते कुणीतरी डास येतात म्हणून बंद करून टाकतं. मग फ्लशच्या वेळी पाइपात हवा कोंडते, कमोडमधून गुडगुड आवाज येतो आणि ट्रॅपमधलं पाणी ओढलं जाऊन वास घरात शिरतो. मावशीच्या गच्चीत त्यावर एक उलटा डबा ठेवलेला सापडला. डबा काढला आणि त्याजागी डासांची जाळी बांधली.

ज्यांना सायफनचाच कमोड ठेवायचा आहे, किंवा भाड्याच्या घरात तो बदलता येत नाही, त्यांच्यासाठी एक उपाय. दुसरा फ्लश करण्याआधी टाकी भरल्याचा आवाज थांबेपर्यंत थांबा. तेवढी सवड नसेल तर बाथरूममध्ये भरलेली बादली ठेवा आणि फ्लशऐवजी तीच एका दमात ओता. बादलीतले सहा लिटर अर्ध्या टाकीपेक्षा कितीतरी जोराने जातात, आणि सायफनची ओढही लागते. आपल्याकडे पाण्याने धुण्याची पद्धत असल्याने कागद कमी जातो, हा मोठा फायदा. ओले वाइप्स आणि पॅड मात्र कोणत्याही कमोडमध्ये टाकू नका. वॉशडाउनची तीन इंची वाटही त्यांच्यापुढे हरते.

मावशीचा नवा कमोड गेल्या पावसाळ्यात बसला. त्यानंतर प्लंबर तिच्याकडे एकदाच आला, तोही स्वयंपाकघराच्या नळासाठी. दर तीन महिन्यांनी ती स्वतः टाकीतली जाळी काढून दात घासायच्या जुन्या ब्रशने धुते, आणि त्या दिवशी घड्याळ लावून टाकी किती वेळात भरते ते कॅलेंडरवर लिहून ठेवते. परवा गेलो तेव्हा शेवटचा आकडा दोन मिनिटं चाळीस सेकंदांचा होता.